केनीचं ऐकणं

त्या रविवारी ज्युली तुस्कानो वटारला पोचली तेव्हा ओटीवर एक अनोळखी माणूस तिच्या आईसमोर बसून वालाच्या शेंगा सोलत होता.

चाळिशीचा असेल. शर्टाला कडक इस्त्री, पण चपला पायरीखाली काढून ठेवलेल्या. तिला पाहून तो उठला, हसला, आणि आई बोलेपर्यंत उभाच राहिला.

"हा केनी," आई म्हणाली आणि थांबली.

आईचं, रिटाबाईंचं, बोलणं नवरा गेल्यापासून असं झालं होतं. एक वाक्य बोलायच्या, गुडघ्यावरून अंगठा फिरवायच्या, श्वास घ्यायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं आता संपलं, तेवढ्यात पुढचं वाक्य यायचं. ज्युलीला ते थांबणं सोसत नसे. मधली रिकामी जागा ती स्वतःच भरून टाकायची.

"आगाशीचा का? पप्पांच्या ओळखीचा?"

"आगाशीचा," आई म्हणाली. "पप्पांना ओळखायचा."

केनी खाली बसला. ज्युलीशी एखाद-दोन शब्द बोलून त्याने पुन्हा शेंगा हातात घेतल्या. ज्युली आत जाऊन मासळी फ्रीजमध्ये ठेवू लागली, पण कान ओटीकडेच होते. आई काहीतरी सांगत होती. गेल्या वर्षी सोनचाफ्याला कळ्या कमी आल्या, त्याबद्दल. दोन वाक्यांच्या मधे नेहमीची ती लांब शांतता. आणि केनी त्या शांततेला हात लावत नव्हता. ती संपू द्यायचा, मग म्हणायचा, "कळ्या कमी आल्या." एवढंच, आईचेच शब्द, आईच्याच चालीत. आणि आई पुढे सुरू.

ज्युली मासळीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

ती वसईच्या एका इस्पितळात समुपदेशक होती. पक्षाघाताचे, कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या घरची हवालदिल माणसं, यांच्याशी बोलणं हेच तिचं काम. समोरचा माणूस ज्या वेगाने बोलतो त्या वेगाच्या जवळ जायचं, तो जितका जोर लावतो त्याच्यापेक्षा थोडा कमी लावायचा, त्याचेच शब्द वापरायचे, हे तिला शिकवलेलं होतं. पुढे ती स्वतःच नव्या मुलींना शिकवू लागली. त्यांना पहिल्याच दिवशी बजावायची की नक्कल करू नका. त्याने हात डोक्यावर नेला की आपण नेला, तर तो माकडचाळा. थोडं घ्यायचं, थोडं उशिरा घ्यायचं, आणि माणसाला ज्याची लाज वाटते ते तर कधीच घ्यायचं नाही. कुणी लंगडतो, कुणी तोतरा बोलतो, कुणाचा हात थरथरतो, तिकडे जायचंच नाही.

खिडकीतून तिने नीट बघितलं. आई श्वास घेत होती आणि त्याच संथ ठेक्यावर केनीचं बोट खुर्चीच्या कडेवर अलगद खालीवर होत होतं. आईचा डावा हात हल्ली थरथरायचा. केनीची नजर त्या हातावर एकदाही गेली नाही. आई पाठ टेकून बसली की तोही जरा वेळाने टेकायचा, पण तसाच नाही. एक खांदा भिंतीला लावायचा, इतकंच.

हा माणूस शिकलेला आहे, ज्युलीच्या मनात आलं. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो मात्र चांगला नव्हता. माझ्या आईशी असं बोलायला याला कुणी पाठवलं?

* * *

केनी निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. तिथे कृष्णाबाई फुलांची टोपली घेऊन उभी होती. शेजारच्या आळीतली, रोज सकाळी वाडीतली फुलं खुडायला यायची. कृष्णाबाईचा आवाज म्हणजे भोंगा. केनीला बघताच ती ओरडली, "काय रं केनी, आज शेंगा सोलायचा पगार भेटला का नाय?"

आणि केनी बदलला. आवाज चढला, मान मागे टाकून तो हसला, हात हवेत उडाला. "पगार कसला, कृष्णाबाय! मावशीनं नखं झिजवली माझी!" दोघं मोठमोठ्याने हसले. ओटीवरचा तो संथ माणूस गेला कुठे?

मग तो ज्युलीकडे वळला. "मावशी तुमच्याबद्दल फार सांगतात. इस्पितळातलं काम म्हणजे... घरी गेल्यावरही डोक्यातून जात नसेल."

ज्युली म्हणाली, जात नाही. फुलपाड्याला घरी पोचेपर्यंत रात्र होते, मुलीचा अभ्यास, नवऱ्याची शिफ्ट, म्हणून आईकडे फक्त रविवारी येणं होतं. भाऊ दुबईला, तो दोन वर्षांत फिरकलेला नाही. खरं तर आईला एकटीला ठेवणं बरं वाटत नाही, पण आई वाडी सोडत नाही.

केनी फक्त "हं" म्हणत होता. तिच्यासारखाच जरा घाईत, जरा दमलेला.

परतताना सोपाऱ्याच्या पुढे आल्यावर ज्युलीने स्कूटर एकदम कडेला घेतली. त्याने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तरी आई एकटी कधी असते, लेक कधी येते, मुलगा कुठे आहे, सगळं सगळं तिने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं. आणि सांगताना तिला बरं वाटलं होतं! आठवड्याभरात कुणी तिचं इतकं ऐकलं नव्हतं.

* * *

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष लागलं नाही.

अर्नाळ्याचा धर्मा नावाचा कोळी इस्पितळात होता. त्याच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आलेला. धर्मा वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमधे येरझाऱ्या घालत होता आणि प्रत्येक नर्सवर ओरडत होता. अशा माणसापुढे मऊ, थंड आवाजात "शांत व्हा" म्हटलं की तो जास्त भडकतो. त्याला वाटतं, माझं घर जळतंय आणि हिला त्याचं काहीच नाही. ज्युलीला हे पाठ होतं. ती त्याच्या शेजारून चालू लागली, त्याच्याच वेगाने. आवाज त्याच्या आवाजाच्या जवळ नेला. राग तेवढा बाजूला ठेवला.

"सकाळपासून कुणी काही सांगत नाही, बरोबर?"

"कोन सांगल? पानी पाजू का इचारलं तं म्हने थांबा. किती थांबायचं?" धर्माने कपाळावर हात मारला.

आणि ज्युलीचाही हात कपाळाकडे गेला. तिच्या मनात केनीचं ते खालीवर होणारं बोट होतं, आणि लक्ष नसताना हात आपोआप उचलला गेला.

धर्मा थबकला. "बाय, माजी नक्कल करतेस?"

पॅसेजमधली माणसं बघायला लागली. ज्युलीचे कान तापले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच मलाही काही सुचत नव्हतं. थांबा, पाण्याचं मी विचारून येते."

ती खरंच गेली, नर्सला विचारून आली आणि गिळायची तपासणी होईपर्यंत पाणी का देत नाहीत ते तिने त्याला सांगितलं. पाणी श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल. हे सांगताना तिने आपली पावलं आखडती घेतली नाहीत. पॅसेजच्या दोन फेऱ्या झाल्यावर जरा सावकाश चालली, मग आणखी सावकाश. धर्माही सावकाश झाला. शेवटी तो बाकावर बसला आणि तोंड झाकून रडला.

त्याच्या शेजारी बसल्या बसल्या ज्युलीला वाटलं, मी तरी काय वेगळं केलं? मी याला बाकावर आणून बसवलंच ना? आधी त्याच्या चालीने चालायचं, मग आपली चाल हळूच बदलायची. तो मागून येतो. यालाच तर शिकवणारे 'नेणं' म्हणायचे. मग केनी आईला कुठे नेतोय?

* * *

पुढच्या रविवारी ती चर्चमधली मिस्सा चुकवून लवकर वटारला गेली. केनी होताच. तिने ठरवून त्याची परीक्षा घेतली. आधी भराभर बोलली, पायावर पाय, हातवारे. केनीची वाक्यं छोटी झाली, खुर्चीत तो पुढे सरकला. मग ती मुद्दाम सुस्तावली, जांभई दाबल्यासारखं केलं. जरा वेळाने केनीचे खांदे सैल पडले. मग तिने हाताची घडी घातली, घट्ट. केनीने घडी घातली नाही. त्याने फक्त आपला चहाचा कप दोघांमधल्या टेबलावरून उचलून स्वतःकडे ओढून घेतला.

हा आपल्यापेक्षा तयार आहे, हे कबूल करावं लागलं.

"तुम्ही काम काय करता?" तिने सरळ विचारलं.

"असंच. वाड्यांची कामं. कुणाला नारळ उतरवून हवे असतात, कुणाला कुंपण." तो आईकडे बघून हसला. "मावशींना विचारा, मला नीट काही येत नाही."

आईही हसली. कितीतरी दिवसांनी ज्युलीने आईला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं, आणि तिला त्या माणसाचा आणखीच राग आला.

फाटकापाशी कृष्णाबाईला गाठून तिने विचारलं, "हा वाडीत फिरतो का?"

"फिरतो ना. बावखलाच्या कडंनं फिरतो. पाय टाकत जातो, असा," कृष्णाबाईने टाचेला चवडा लावून दाखवलं. "मी म्हनलं, काय मोजतोस रं? तं म्हने, व्यायाम करतो."

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरीचं पाणी खारं होत नसे ते त्याच्याच जिवावर. तुस्कानोंचं बावखल वाडीच्या मागच्या अंगाला होतं. त्याच्या पलीकडची मोठी वाडी मुंबईच्या कुणीतरी घेतली होती आणि तिथे सुट्टीचे बंगले होणार, असं गावात बोललं जात होतं. पण त्या वाडीला धड रस्ता नव्हता. बावखल बुजवलं तर रस्ता सरळ होता.

ज्युली तशीच तरातरा ओटीवर आली. केनी गेलेला होता.

"आई, तो दलाल आहे. त्याला बावखल बुजवायचंय. तुझ्याशी गोड बोलायला त्याला ठेवलाय त्या बंगलेवाल्यांनी."

आई शेंगांची सालं गोळा करत राहिली.

"ऐकतेस ना? तो तुझ्यासारखा बसतो, तुझ्यासारखा थांबतो, तुझे शब्द तुलाच परत देतो. हे सगळं शिकून केलेलं असतं. मला माहीत आहे, मी—"

"तूही करतेस," आई म्हणाली.

ज्युलीने वळून तिच्याकडे पाहिलं.

आईने गुडघ्यावरून अंगठा फिरवला. "पप्पा तुमच्या इस्पितळात होते तेव्हा." श्वास. "शेजारच्या खाटेवर ती म्हातारी होती. विक्रमगडची. तिला कुणी नव्हतं." ज्युली पुढचं वाक्य भरायला निघाली होती, पण कसं कोण जाणे, थांबली. "तू तिच्याजवळ बसायचीस. इतकी हळू बोलायचीस. ती बोलायची थांबली की तूही थांबायचीस. मी बघत होते. म्हटलं, ही माझी ज्युली?" पुन्हा श्वास. "घरी येताना ते तू तिथेच ठेवून येतेस."

"ते माझं काम आहे, आई."

"हो. त्याचंही काम असेल."

ज्युलीला झोंबलं. इतकं झोंबलं की ती भांडली. म्हणाली, मी माणसांना त्यांच्याच भल्याकडे नेते, तो स्वतःच्या फायद्याकडे नेतो, एवढा फरक तुला कळत नसेल तर तुझ्याशी काय बोलायचं. आई ऐकून घेत होती. शेवटी इतकंच म्हणाली, "तो कुठे नेतोय ते मला दिसत नाही, असं वाटतं तुला?"

ज्युलीला तसंच वाटत होतं. फसणारी सगळी माणसं हेच म्हणतात. इस्पितळात तिने कमी का पाहिली होती?

* * *

केनीने विषय काढला तो त्यानंतरच्या रविवारी, तिच्यादेखत. लेकीच्या गैरहजेरीत बोलला असता तर लबाडी दिसली असती. तेवढं भान त्याला होतं.

सुरुवात नेहमीसारखी. तोच संथपणा, तीच शेंगांची टोपली. आई म्हणाली की रात्री झोप लागत नाही. केनी म्हणाला, झोप लागत नाही. आई म्हणाली, मागे काहीतरी वाजतं, जाऊन बघायला भीती वाटते. केनी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अंधारात बावखलाकडे जाणं... भीती वाटणारच."

ज्युलीने चटकन मान वर केली. आईने बावखलाचं नावही घेतलं नव्हतं.

आता केनीचं बोलणं कणभर भरभर झालं. तो जरासा पुढे झुकला. आणि ज्युलीच्या डोळ्यांसमोर आईही पुढे झुकली. "पाय घसरला तर कोण बघणार, मावशी? ज्युलीताई रविवारी येणार. पाणीही आता पूर्वीसारखं राहिलं नाही, डास झालेत. ती जागा सपाट झाली तर मागे दिवे लागतील, रस्त्याला माणसांची जाग राहील. तुम्ही निवांत झोपाल." आई मान हलवत होती. केनीच्या प्रत्येक वाक्याला एक मान. "वाडी तुमचीच. फक्त तो एक तुकडा."

ज्युली ताडकन उठली. खुर्ची फरशीवर खरखरत मागे गेली. "आई, चहा करू का? अगं, हेलनचा फोन आला होता, कॅनडाला चालली म्हणे, आणि ती ॲनी, तिचं लग्न ठरलं, ऐकलंस?" मोठ्याने, भरभर, कशाचा कशाला संबंध नाही असं ती बोलत सुटली. जुळलेला सूर तोडायचा असेल तर असंच करायचं असतं. आईची मान हलायची थांबली. केनी मागे सरला.

पण आईने तिच्याकडे पाहिलं ते रागाने.

"खाली बस," आई म्हणाली. "माझ्याकडे माणूस आलाय."

ज्युली बसली. लहान असताना बसायची तशी.

"केनी," आई म्हणाली, "बावखलाचं तू बोललास. मला त्याचं एक सांगायचंय."

"सांगा ना, मावशी."

आणि आईने सांगायला घेतलं. तिचं लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा बावखलाच्या काठाला उंडीचं झाड होतं. त्या झाडाखाली सासू भांडी घासायची. थांबली. सासू बोलायची नाही. थांबली. सासूला वाटायचं, ही नंदाखालची पोर, हिला वाडीतलं काय कळणार. मग एका उन्हाळ्यात गावच्या विहिरी खारट झाल्या...

आई इतकी सावकाश बोलत होती की नेहमीची आई तिच्यापुढे धावणारी वाटावी. ज्युलीच्या घशात शब्द येऊन बसले होते, ते तिने तिथेच धरून ठेवले. तिचं लक्ष केनीकडे होतं. तो ऐकत होता. बोट खुर्चीच्या कडेवर, ठेक्यात. आई कुठल्याशा कळशीबद्दल सांगत होती, मग ती कळशी कुणाची ते, मग ती कुणाची कोण. केनीच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो बाहेर न काढता बंद केला. आई थांबली, अंगठा फिरवला. फोन पुन्हा थरथरला. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक पांढरी मोठी गाडी मघापासून उभी होती, ती ज्युलीला आत्ता दिसली. केनीचं बोट थांबलं होतं. त्याचा गुडघा हलू लागला होता, बारीक, भरभर.

"...तेव्हा सासू मला म्हणाली," आईने सांगितलं आणि श्वास घेतला.

"की बावखल आहे म्हणून आपली विहीर गोड आहे," केनी म्हणाला. "बरोबर आहे, मावशी, पण आता नळ आलेत ना."

आईचा अंगठा गुडघ्यावर थांबला.

"ती तसं म्हणाली नाही," आई म्हणाली.

केनीचा चेहरा उतरला. आपण काय केलं ते त्याला लगेच कळलं. कळणारच, तो तयार माणूस होता. "सॉरी, मावशी. सांगा. काय म्हणाल्या?"

"राहू दे." आईने टोपली मांडीवरून खाली ठेवली. "तुझी माणसं बाहेर उन्हात थांबलीत. त्यांना सांग, बावखल राहील. माझ्यानंतर काय व्हायचं ते पोरं बघतील. मी आहे तोवर राहील."

तो आणखी काही बोलला, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं. फाटकाकडे जाताना त्याची चाल वेगळीच होती, तुटक, खांदे वर. ती ज्युलीने पूर्वी पाहिली नव्हती.

* * *

दुपारी जेवताना ज्युलीने विचारलं, "तुला कधीपासून कळलं होतं?"

"दुसऱ्यांदा आला तेव्हा," आई म्हणाली. "पप्पांना ओळखायचो म्हणाला. पण पप्पांची एक गोष्ट त्याला सांगता येईना. मीच सांगायची, तो तेच परत सांगायचा."

"मग येऊ का दिलंस?"

आईने माशाचा काटा ताटाच्या कडेला लावला. "बरं वाटायचं गं."

ज्युलीने हातातला घास परत ताटात ठेवला. आईचा चमचा संथपणे ताटात वाजत होता. जरा वेळाने ज्युलीच्या लक्षात आलं की तिचा हातही तितकाच सावकाश चाललाय. हे आपोआप झालं की सवयीने, ते तिचं तिला सांगता आलं नसतं.

आईनेच मान वर केली. डोळे बारीक करून बघितलं. "आता तू करतेस का?"

"माहीत नाही," ज्युली म्हणाली. "खरंच माहीत नाही."

आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, जिन्नस हातात घेऊन खरा की खोटा पाहावा तशी. मग म्हणाली, "सासू काय म्हणाली ते सांगू?"

"सांग."

सांगायला वेळ लागला. सासू म्हणाली होती, हे पाणी तुझ्या अंगाला लागलं, आता तू इथली. ज्युलीने मधे एकही शब्द घातला नाही. दोनदा तिला वाटलं की गोष्ट संपली, आणि दोन्ही वेळा ती संपलेली नव्हती.

* * *

बंगल्यांचा रस्ता शेवटी दुसऱ्या अंगाने, वेगळ्याच एका वाडीतून गेला. त्या वाडीचा मालक बोरिवलीला राहायचा. त्याच्यापुढे बसून शेंगा सोलाव्या लागल्या नाहीत, फोनवरच काम झालं. तिथलं बावखल बुजलं. कृष्णाबाई म्हणते, तिकडच्या विहिरीचं पाणी आता चहालाही चालत नाही.

केनी पुन्हा आला, नाताळाच्या जरा आधी. ज्युली होती. त्याच्या हातात केकचा डबा होता आणि मागायचं काहीच नव्हतं, निदान दिसत तरी नव्हतं. तो ओटीच्या कडेला बसला आणि बोलू लागला. ज्युलीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो भराभर बोलत होता, शब्दावर शब्द चढत होते, 'म' वर अडखळून पुन्हा सुरू व्हायचा. बायकोचं काही सांगत होता, ती माहेरी गेली होती, परत येईना. हा त्याचा खरा वेग होता की हाही कुणासाठी बेतलेला, ज्युलीला ठरवता येईना. तिने त्याचे हात पाहिले, पाय पाहिले, श्वास पाहिला. काही कळलं नाही.

आई मात्र ऐकत होती. आणि तिचं "हं" नेहमीच्या मानाने जरा लवकर येत होतं, तो अडखळला की तेवढं थांबायचं, पुन्हा लवकर. अडखळण्याकडे ती बघत नव्हती. हे तिला कुणी शिकवलं होतं?

"ज्युली," आईने हाक मारली, "चहा टाक. तिघांचा."

ज्युली क्षणभर दारातच उभी राहिली. मग तिने चहा टाकला, आणि गॅस बारीक करून, ओटीवरचं ऐकू यावं म्हणून, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं.